साखळी तुटते, पण कुठे?

संगणकाने सोडवायच्या प्रश्नांची वर्गवारी त्यांना लागणाऱ्या वेळेवरून किंवा स्मृतीवरून करतात. त्या वर्गांची साखळी अशी: एल, एनएल, पी, एनपी, पीस्पेस, एक्सपीटाइम. एलमध्ये अगदी थोडी, लॉगरिदमइतकी स्मृती पुरते. पीमध्ये वेळ n³ सारख्या बहुपदीत मावतो. एक्सपीटाइममध्ये तो 2ⁿ सारखा घातांकी वाढतो. प्रत्येक वर्ग पुढच्यात सामावलेला आहे. पण पुढचा खरोखर मोठा आहे का?

दोन टोकांबाबत उत्तर पक्के आहे. पी हा एक्सपीटाइमपेक्षा लहानच आहे. हार्टमॅनिस आणि स्टर्न्स यांनी 1965 साली दाखवलेल्या युक्तीने हे सिद्ध होते. एक प्रश्न घ्या: दिलेला प्रोग्रॅम त्याच्याच मजकुरावर 2ⁿ पायऱ्यांपर्यंत चालवा आणि तो ‘हो’ म्हणाला तर ‘नाही’ म्हणा, एरवी ‘हो’. इथे n म्हणजे मजकुराची लांबी. हे काम घातांकी वेळात होते. समजा, एखादा प्रोग्रॅम तेच n³ पायऱ्यांत करतो. त्याच्या मजकुरात निरुपयोगी ओळी घालून n वीस केला, तर त्याला 8,000 पायऱ्या लागतात, मर्यादा मात्र 10,48,576 ची. म्हणजे तो वेळेत संपतो आणि स्वतःच्याच उत्तराच्या उलट उत्तर त्याला द्यावे लागते. हे अशक्य.

स्मृतीसाठी अशाच युक्तीने एनएल हा पीस्पेसपेक्षा लहान ठरतो. म्हणून एनएल ते पीस्पेस या तीन पायऱ्यांपैकी किमान एक आणि पी ते एक्सपीटाइम या तीनपैकी किमान एक खरी आहे. पण लगतच्या कोणत्याही दोन वर्गांतला फरक अजून सिद्ध झालेला नाही. पी आणि एनपीमधलाही नाही.