जांगड माल आणि ३१ मार्चचा साठा

मार्च संपत आला की येवल्याच्या पैठणी व्यापाऱ्याचा बराचसा माल दुकानात नसतो. एप्रिल-मेच्या लग्नसराईसाठी पुणे-मुंबईच्या दुकानदारांनी तो जांगड नेलेला असतो. पसंत पडला, गिऱ्हाईक मिळालं तर ठेवायचा, नाहीतर ठरल्या मुदतीत परत करायचा. सराफ बाजारातही दागिने असेच फिरतात. व्यवहार विश्वासाचा आणि सोयीचा आहे. नेमकं याच काळात आर्थिक वर्ष संपतं आणि प्रश्न उभा राहतो: पुण्याच्या दुकानात लटकवलेली ती पैठणी ३१ मार्चला कोणाची?

कायद्याचं उत्तर १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. पसंतीवर पाठवलेल्या मालाची मालकी माल पोचल्यावर बदलत नाही. घेणाऱ्याने पसंती कळवली, किंवा मालाचं असं काही केलं की जे फक्त मालकच करू शकतो, तर मालकी त्याच्याकडे जाते. तिसरी वाट अनेकांच्या लक्षात राहत नाही. नकार न कळवता त्याने ठरलेली मुदत उलटू दिली, तरीही विक्री झाली असं धरतात. मुदतच ठरली नसेल तर ‘वाजवी काळ’ मोजला जातो, आणि वाजवी किती यावरून मग भांडण होतं. म्हणून जांगड चिठ्ठीवर तारीख आणि मुदत लिहिलेली असावी.

आता एक हिशेब सावकाश पाहू. समजा, व्यापाऱ्याने १२ मार्चला दहा पैठण्या पुण्याच्या दुकानात जांगड पाठवल्या, मुदत तीस दिवसांची. प्रत्येकीचा खर्च २४,००० रुपये, किंमत ३०,०००. असे व्यवहार वर्षातून मोजकेच असतील तर पुष्कळ जण माल निघाल्याबरोबर तो विक्री म्हणूनच वहीत लिहून टाकतात आणि परत आला की नोंद उलटवतात. जांगड रोजचाच असेल तर स्वतंत्र जांगड वही ठेवून, पसंती आल्यावरच विक्री लिहायची पद्धत अधिक चांगली. आपला व्यापारी पहिल्या पद्धतीचा आहे.

३१ मार्चपर्यंत दुकानदाराने चार पैठण्या पसंत केल्याचं कळवलं आणि एक परत पाठवली. तिची नोंद उलटवून झाली. उरलेल्या पाच अजून त्याच्याकडे आहेत, उत्तर नाही, मुदत ११ एप्रिलपर्यंत आहे. म्हणजे या पाच पैठण्या अजून व्यापाऱ्याच्याच. वहीत मात्र त्या विकलेल्या दिसतात आणि दुकानदाराच्या नावे दीड लाखाची उधारी चढलेली असते.

वर्षअखेरीला यासाठी दोन नोंदी कराव्या लागतात. पहिली, पाच पैठण्यांची विक्री रद्द करायची: विक्री खाते नावे, दुकानदाराचे खाते जमा, १,५०,००० रुपये. दुसरी, त्या पाचही आपल्या अखेरच्या साठ्यात धरायच्या, पण खर्चाच्या किमतीने: ‘ग्राहकांकडील साठा’ नावे, व्यापार खाते जमा, १,२०,००० रुपये. ताळेबंदात हा साठा दुकानातल्या साठ्याशेजारी येतो. उधारी जाते, तिच्या जागी माल येतो. नफा उरतो तो खरोखर विकलेल्या चार पैठण्यांचा, म्हणजे २४,०००.

या दोन नोंदी एकमेकींवर अवलंबून आहेत, आणि चुका होतात त्या इथेच. काहीच केलं नाही तर नफा ५४,००० दिसतो. विक्री उलटवली पण साठा धरायचा राहिला, तर त्याच व्यवहारात ९६,००० चा तोटा दिसतो. पाच पैठण्या जणू हवेत विरल्या. उलट, साठा मोजणाऱ्याने जांगड माल यादीत घेतला आणि हिशेब लिहिणाऱ्याने विक्री तशीच राहू दिली, तर नफा १,७४,००० वर जातो. कारण तोच माल एकदा विकलेलाही ठरतो आणि शिल्लकही. मोजणी आणि खतावणी दोन वेगळ्या माणसांकडे असली की ही चूक हमखास होते.

सगळ्यात फसवी चूक चौथी. विक्री रद्द केली, साठाही धरला, पण खर्चाऐवजी ३०,००० च्या विक्रीकिमतीने. नोंदी पूर्ण झाल्याचं समाधान मिळतं, आणि नफा पुन्हा ५४,०००! काहीच न करण्याचा जो परिणाम, तोच. न विकलेल्या मालावरचा ३०,००० चा नफा साठ्याच्या आडून परत आत येतो. चिठ्ठीवर विक्रीचीच किंमत लिहिलेली असल्याने हे सहज घडतं. म्हणून जांगड वहीत खर्चाचा एक रकाना हवाच.

पुण्याच्या दुकानदारालाही हे लागू आहे. त्याच्या कपाटात त्या पाच पैठण्या समोर दिसतात, मोजणीत मोजल्या जातात, पण त्या त्याच्या साठ्यात धरायच्या नाहीत. ३१ मार्चला व्यापाऱ्याने दुकानदाराकडून ‘आपल्या इतक्या नगांपैकी इतके आमच्याकडे शिल्लक’ असं लेखी मागवावं. दोन्हीकडचे आकडे जुळले की निम्मा गोंधळ मिटतो.

साठ्यात धरण्याआधी प्रत्येक चिठ्ठीची मुदत पाहिलीच पाहिजे. समजा, फेब्रुवारीत गेलेल्या एका पैठणीची मुदत २२ मार्चला संपली आणि दुकानदार गप्प राहिला. ती उलटवायची नाही, ती विक्रीच. दुकानदाराने ११ एप्रिलच्या आत, म्हणजे ५ एप्रिलला, पाचांपैकी तीन पसंत केल्या तर ती नव्या वर्षाची विक्री. जुन्या वर्षात ओढायची नाही, वर्षाचा आकडा कितीही वाढवावासा वाटला तरी.

जीएसटीत हा माल बिलावर नाही, डिलिव्हरी चलनावर जातो. पसंती आली की बिल करायचं. माल निघाल्यापासून सहा महिन्यांत पसंती नाही आणि मालही परत नाही, तर बिल करावंच लागतं. ज्या दुकानात चलन बनताच संगणकातला साठा कमी होतो, तिथे वर्षअखेरीला न मिटलेल्या चलनांची यादी काढून तो माल पुन्हा साठ्यात आला आहे का, हे बघावं.

चिठ्ठीवरची एक ओळ किती मोलाची, हे इंग्लंडमधल्या दोन जुन्या खटल्यांत दिसतं. १८९७ च्या किर्कहॅम विरुद्ध ॲटनबरो खटल्यात जांगड नेलेले दागिने घेणाऱ्याने गहाण टाकले. गहाण टाकणं हे मालकाचंच कृत्य, म्हणून मालकी त्याच्याकडे गेली असं न्यायालयाने ठरवलं आणि जवाहिऱ्याला दागिने सावकाराकडून परत मिळाले नाहीत. १९०६ च्या वायनर विरुद्ध गिल खटल्यातही दागिने गहाण पडले होते, पण चिठ्ठीवर ‘पैसे चुकते होईपर्यंत किंवा खाती लिहिले जाईपर्यंत माल आमचाच’ अशा अर्थाची अट होती. तो जवाहीर जिंकला. त्या अटीतली ‘खाती लिहिणे’ ही गोष्ट आपल्या व्यापाऱ्याने नीट वाचावी. माल निघताच दुकानदाराच्या नावे उधारी लिहायची सवय अशा अटीशी जुळत नाही. दुसऱ्याकडे पडलेल्या मालाला साठा म्हणायचं तर तो आपलाच असल्याचा कागद असला पाहिजे.

उरलेल्या दोन पैठण्या १० एप्रिलला परत आल्या आणि एकीवर पाण्याचा डाग निघाला. माल व्यापाऱ्याचाच असल्याने, वेगळं ठरलं नसेल तर सर्वसाधारणपणे जोखीम त्याचीच. मात्र दुकानदाराच्या हलगर्जीपणाने डाग पडला असेल तर भरपाई मागता येते. डाग ३१ मार्चच्या आधीचा असेल आणि आता पैठणीचे १५,००० च येणार असतील, तर ती साठ्यात २४,००० ने नव्हे, १५,००० ने धरायची. पाचांचा साठा १,२०,००० ऐवजी १,११,००० होतो. डाग एप्रिलमधला असेल तर ते नुकसान नव्या वर्षाचं. यासाठी परत येणारा प्रत्येक नग उघडून पाहावा आणि दोष दिसला तर तो केव्हाचा आहे, हे दुकानदाराकडून त्याच दिवशी लिहून घ्यावं.