प्रत्येक जळजळ म्हणजे उन्हाळी नव्हे

एप्रिल-मे महिने आले की दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. "डॉक्टर, उन्हाळी लागलीय. लघवीला आग होते." पुष्कळ वेळा रुग्णाने घरगुती उपाय आधीच केलेले असतात. सब्जा झालेला असतो, धने-जिऱ्याचे पाणी झालेले असते, वाळ्याचे पाणीही झालेले असते. काहींना त्याने बरे वाटते आणि ते दवाखान्यात येतच नाहीत. ज्यांना बरे वाटत नाही तेच माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांना उन्हाळी लागलेलीच नसते.

उन्हाळी म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. उन्हात घामावाटे शरीरातील पाणी निघून जाते. तेवढे पाणी पोटात गेले नाही, तर मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात आणि तेच क्षार, तोच युरिया थोड्याशा पाण्यातून बाहेर टाकतात. अशी दाट, गडद पिवळी लघवी मूत्रमार्गाच्या नाजूक अस्तराला झोंबते. यात एक गोष्ट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. शरीरात पाणीच कमी असल्याने अशा माणसाला लघवीला कमी वेळा जावे लागते. दिवसातून दोन-तीनदाच जाणे होते, आणि गेले की जळजळ होते. एखादा रुग्ण "आग होते आणि अर्ध्या अर्ध्या तासाने जावेही लागते" असे सांगू लागला, की मी उन्हाळीचा विचार बाजूला ठेवतो. वारंवार लागते याचा अर्थ मूत्राशयालाच काहीतरी टोचते आहे. ते जंतू असतील किंवा खडा असेल.

एक उदाहरण सांगतो. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या, पस्तिशीच्या एक बाई मे महिन्यात आल्या. पाच दिवसांपासून आग होत होती. शेजारणीच्या सांगण्यावरून त्यांनी सब्जा आणि पाणी भरपूर प्यायले होते. तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून लघवीच्या गोळ्या म्हणून नॉरफ्लॉक्सॅसिनच्या दोन गोळ्या आणून घेतल्या. शिवाय लघवी साफ करणारे म्हणून मिळणारे सायट्रेटचे गोड औषधही चालू होते. त्याने आग थोडी कमी व्हायची, पण पुन्हा सुरू व्हायची.

मी विचारले, "ताई, लघवीचा रंग कसा आहे?"

त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी पिवळीजर्द होती. आता पाण्यासारखी होते, पण गढूळ दिसते. आग मात्र तशीच आहे."

"सकाळपासून किती वेळा जाऊन आलात?"

"मोजलं नाही डॉक्टर, पण पंधरा वेळा तरी झालं असेल. गेलं की थेंब-थेंब होते, आणि उठलं की परत लागल्यासारखं वाटतं."

निदानाची निम्मी वाट या दोन उत्तरांतच संपली. पाणी पिऊन रंग फिका झाला, म्हणजे शरीरातील पाण्याची तूट भरून निघाली होती. तरीही आग गेली नाही, म्हणजे तिचे कारण पाण्याची तूट हे नव्हते. निरोगी माणसाच्या मूत्राशयात साधारण दोनशे-तीनशे मिलिलिटर लघवी साठली की जावेसे वाटते. या बाईंना चार चमचे साठले तरी घाई होत होती, कारण मूत्राशयाचे अस्तर सुजले होते. ओटीपोटावर, जघनास्थीच्या वर दाबले तेव्हा त्यांना दुखले. कुशीत दुखत नव्हते, ताप नव्हता, उलटी नव्हती. अंगावरून पांढरे जाणे आणि खाज हेही विचारून घेतले, कारण योनिमार्गाच्या संसर्गातही लघवी बाहेरच्या कातडीला लागून आग होते. तसे काही नव्हते. पाळी वेळेवर आलेली होती.

गोळी लिहून देण्याआधी लघवीचा नमुना घेतला. तो कसा द्यावा हे नर्सबाईंनी त्यांना समजावून सांगितले. जागा साध्या पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक डबीत धरावी. डबी तासाभरात प्रयोगशाळेत पोचावी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी. उन्हात दोन-तीन तास पडून राहिलेल्या डबीत जंतू वाढत राहतात आणि नसलेला संसर्ग दिसू लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या लघवीत पस सेल्स, म्हणजे पूपेशी, एका दृश्यक्षेत्रात तीस-चाळीस होत्या. पाचाच्या आत असल्या तर आम्ही काळजी करीत नाही. तांबड्या पेशी थोड्या होत्या, साखर नव्हती. त्याच नमुन्याचे कल्चरही करायला दिले. कल्चरमध्ये जंतू वाढवून तो कोणता आहे आणि कोणत्या औषधाला दाद देतो हे पाहतात. त्याला दोन दिवस लागतात. तोवर नायट्रोफ्युरँटॉइन ही गोळी पाच दिवसांसाठी सुरू केली.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू भरपूर वाढला होता. बाईंनी दुकानातून आणलेल्या नॉरफ्लॉक्सॅसिनला तो दाद देत नव्हता, नायट्रोफ्युरँटॉइनला देत होता. त्या दोन गोळ्या पोटात जाऊनही जंतू कल्चरमध्ये वाढला, तो याच कारणाने. ती गोळी त्याच्यावर चालत असती, तर नुसत्या दोन गोळ्यांनी तो अर्धमेला झाला असता. मग कल्चर कदाचित कोरे आले असते आणि संसर्ग आत तसाच राहिला असता. म्हणून नमुना आधी आणि गोळी नंतर, हा क्रम पाळावा. गोड औषधाचे म्हणाल तर ते लघवीची आम्लता कमी करते, त्यामुळे झोंबणे कमी होते. जंतू त्याने मरत नाहीत.

बाईंना दोन दिवसांत उतार पडला. तरी पाचही दिवसांच्या गोळ्या पूर्ण करायला लावल्या. मग संसर्ग झाला कसा, हे विचारले. सकाळी सहाला त्या घर सोडतात आणि दुपारी चारला परततात. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, म्हणून त्या पाणी पीतच नाहीत आणि लघवी दाबून धरतात. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे बाहेरचे जंतू सहज आत शिरतात. एरवी दर तीन-चार तासांनी लघवीबरोबर ते धुतले जातात. दहा तास ते आतच राहिले तर वाढत जातात. पाणी न पिण्याने संसर्गाला वाट मिळाली होती, हे खरे. पण एकदा संसर्ग झाल्यावर नुसत्या पाण्याने तो जाण्याची वेळ निघून गेली होती.

आता याच लक्षणांचा दुसरा चेहरा पाहा. एक तरुण ट्रकचालक असाच आग आणि वारंवार लघवी घेऊन आला. दुसरीकडे त्याला जंतुसंसर्ग समजून दोनदा औषधे झाली होती, पण फरक पडला नव्हता. त्याच्या लघवीत पूपेशी जेमतेम पाच-सहा होत्या, तांबड्या पेशी मात्र खच्चून भरलेल्या. कल्चरमध्ये जंतू वाढला नाही. पुरुषाचा मूत्रमार्ग लांब असल्याने तरुण पुरुषाला साधा मूत्राशयाचा संसर्ग क्वचित होतो, म्हणून शंका आधीच होती. खोदून विचारल्यावर त्याने सांगितले की तीन आठवड्यांपूर्वी रात्री डाव्या कुशीतून जांघेपर्यंत कळ आली होती. इतकी, की धड बसवेना, धड झोपवेना. ती आपोआप थांबली म्हणून तो विसरून गेला होता.

मूत्राशय पूर्ण भरलेले असताना सोनोग्राफी केली. डाव्या मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाशी, ती मूत्राशयाच्या भिंतीतून आत शिरते तिथे, पाच मिलिमीटरचा खडा दिसला. खडा वर असतो तेव्हा कूस दुखते. खाली या टोकाशी आला की तो मूत्राशयालाच डिवचतो. मग संसर्गासारखीच घाई होते आणि लघवीच्या टोकाशी आग होते. मूत्राशय रिकामे असेल तर असा खडा सोनोग्राफीत निसटू शकतो. तरीही शंका राहिली तर सीटी स्कॅन करावा लागतो. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. याचा खडा नवव्या दिवशी पडला. लघवी फडक्यातून गाळून घ्यायला सांगितली होती, त्यामुळे खडा हाती लागला. अहवालात नुसते 'क्रिस्टल्स' लिहून आले म्हणजे मुतखडा आहे, असे मात्र समजू नये. लघवी दाट झाली तरी ते दिसतात.

तेव्हा घरी काय करावे? प्रौढ, एरवी निरोगी माणसाला उन्हातून आल्यावर आग होऊ लागली, तर दिवसभरात थोडे थोडे करून दोन-अडीच लिटर पाणी घ्यावे आणि रंग पाहत राहावे. रंग फिका झाला आणि आगही गेली, तर ती उन्हाळी होती. दुसऱ्या सकाळपर्यंत रंग गेला पण आग राहिली, किंवा वारंवार जावे लागत असेल, तर लघवी तपासून घ्यावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी हा प्रयोग करू नये. गरोदर स्त्रिया, मधुमेही, लहान मुले आणि पुरुष यांनीही वाट न पाहता आधी तपासणी करावी. गरोदरपणी मूत्राशयातला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत लवकर चढतो आणि त्यातून दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका असतो. लघवीत रक्त दिसले तर ते कोणीही अंगावर काढू नये.

आणि एक खूण अशी आहे की तिच्यापुढे सकाळची वाट पाहू नये. हुडहुडी भरून ताप आला आणि सोबत कूस दुखू लागली, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला आहे असे समजावे. त्यातच खड्याने वाट अडवली असेल, तर पू मूत्रपिंडात कोंडतो आणि नुसत्या इंजेक्शनांनी भागत नाही. नळी घालून ती वाट मोकळी करावी लागते, तीही तातडीने. उशीर झाला तर जंतुदोष रक्तात पसरून जीवावर बेतते. अशा रुग्णाला सब्जा देत न बसता, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच रात्री न्यावे.