अकरावा बिट आला, हे कोण सांगणार?

जुन्या संगणकाच्या मागच्या बाजूला कीबोर्डसाठी एक जांभळं, गोल सॉकेट असायचं. पीएस/२ या नावाने ते ओळखलं जातं. त्यात पिना सहा, पण कामाच्या चारच: पाच व्होल्टचा पुरवठा, ग्राउंड, क्लॉक आणि डेटा. म्हणजे कीबोर्डला जे काही सांगायचं असेल ते एकाच डेटाच्या तारेवरून, एका वेळी एक बिट असं सांगावं लागतं. प्रोसेसरला मात्र आठ बिट आठ तारांवर एकदम हवे असतात. एकामागून एक आलेले बिट शेजारी शेजारी उभे करण्याचं काम शिफ्ट रजिस्टर करतं. पण सगळे बिट आले आहेत, आता उचला, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी जोडीला काउंटर लागतो.

‘A’ हे बटण दाबलं की कीबोर्ड `1C` हा सांकेतिक क्रमांक पाठवतो. बिटांत लिहिला तर `00011100`. तारेवर मात्र अकरा बिट येतात. सुरुवातीला एक ०, तो स्टार्ट बिट. मग माहितीचे आठ बिट, उजवीकडचा सर्वांत आधी. त्यानंतर पॅरिटी बिट, जो माहितीतल्या आणि स्वतःच्या मिळून १ची संख्या विषम ठेवतो. `1C`मध्ये तीन वेळा १ आहे, म्हणजे संख्या आधीच विषम, म्हणून पॅरिटी ०. शेवटी स्टॉप बिट, तो नेहमी १. क्लॉकची पातळी वरून खाली आली की त्या क्षणी डेटाच्या तारेवर जे असेल तो एक बिट. असे ठोके सेकंदाला साधारण दहा ते सोळा हजारांच्या वेगाने पडतात, त्यामुळे अकरा बिटांना सुमारे एक मिलिसेकंद लागतो.

शिफ्ट रजिस्टर म्हणजे अकरा फ्लिप-फ्लॉपची ओळ, प्रत्येकात एक बिट. अकरा जणांच्या बाकासारखी ती चालते. डाव्या टोकाला नवा माणूस बसला की सगळे एक जागा उजवीकडे सरकतात आणि उजव्या टोकाचा उठून जातो. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला हेच होतं. सुरुवातीला रजिस्टरमध्ये सगळे १ भरलेले आहेत असं धरलं, तर ‘A’ येताना ते असं दिसतं:

```
सुरुवातीला      11111111111
1 ठोक्यानंतर    01111111111
4 ठोक्यांनंतर   10001111111
9 ठोक्यांनंतर   00011100011
10 ठोक्यांनंतर  00001110001
11 ठोक्यांनंतर  10000111000
```

शेवटच्या ओळीत उजव्या टोकाला स्टार्ट बिट पोचला आहे, डाव्या टोकाला स्टॉप बिट आहे, त्याच्या शेजारी पॅरिटी, आणि मधल्या आठ जागांवर `00011100`. तेच हवं होतं. पण आधीच्या ओळींतही त्याच मधल्या आठ जागांवर काही ना काही आकडा आहेच, आणि तो दिसायला तितकाच खरा आहे. रजिस्टरकडे नुसतं पाहून अर्धवट आकडा आणि पुरा आकडा यांत फरक करता येत नाही.

म्हणून त्याच क्लॉकवर एक काउंटर चालवतात. चार बिटांचा पुरतो, कारण तो पंधरापर्यंत मोजू शकतो. अकरावा ठोका पडला की काउंटर स्वतःला शून्यावर आणतो आणि एक तार वर करतो. तिला फ्लॅग म्हणतात. ती वर दिसेपर्यंत प्रोसेसरला रजिस्टरकडे बघायची गरज नाही. एका मिलिसेकंदात सोळा मेगाहर्ट्झचा छोटा मायक्रोकंट्रोलरसुद्धा सोळा हजार ठोके पुढे जातो. तेवढा वेळ त्याला दुसऱ्या कामासाठी मिळतो.

फ्लॅग नेमका कधी वर करायचा, इथे चूक व्हायला सर्वाधिक वाव असतो. मोजणी शून्यापासून सुरू केली की एकने चुकणं सहज घडतं. समजा फ्लॅग दहाव्या ठोक्यालाच वर झाला. वरच्या तक्त्यातली दहाव्या ठोक्यानंतरची ओळ पाहा: मधल्या आठ जागांवर `00111000` आहे, म्हणजे `38`. सगळे बिट एक घर मागे राहिले, त्यामुळे आकडा बरोबर दुप्पट झाला. या चुकीची खूणगाठ सोपी आहे. ‘S’चा क्रमांक `1B`, त्याची दुप्पट `36`, आणि `36` हा ‘6’ या बटणाचा क्रमांक. ‘S’ दाबल्यावर ‘6’ उमटत असेल तर वायर तपासण्याआधी काउंटर तपासावा.

फ्लॅग वेळेवर आला तरी आकडा रजिस्टरमध्ये टिकून राहत नाही. पुढचा बिट आला की बाक पुन्हा सरकतो. बटण सोडलं की कीबोर्ड दोन आकडे पाठवतो: ‘सोडलं’ असं सांगणारा `F0` आणि मागोमाग `1C`. प्रोसेसर कामात असल्याने `F0` वाचायचा राहिला, तर त्याला नुसता `1C` दिसेल आणि ‘A’ पुन्हा दाबलं असंच तो समजेल. म्हणून फ्लॅगबरोबरच आकडा दुसऱ्या, न सरकणाऱ्या रजिस्टरमध्ये उतरवून ठेवतात. त्यालाही मर्यादा आहे, कारण तिथे एकच आकडा मावतो. तो उचलला जाईपर्यंत संगणक क्लॉकची तार खाली धरून कीबोर्डला थांबवू शकतो. तोवर दाबलेली बटणं कीबोर्ड स्वतःकडे साठवतो.

यापेक्षा चिवट दोष म्हणजे मोजणी घसरणं. तारेवरच्या एखाद्या विद्युत धक्क्याने काउंटरने एक ठोका जास्त मोजला, तर तो आकडा बिघडतोच, शिवाय त्यानंतरचा प्रत्येक आकडा बिघडतो, कारण काउंटरची अकराची गणती आता कीबोर्डच्या गणतीशी जुळतच नाही. काही काळ सगळं ठीक, मग अचानक सगळीच अक्षरं चुकीची, आणि बंद करून चालू केल्यावर पुन्हा ठीक, असं दिसलं तर हाच दोष समजावा. उपाय शांततेत आहे. एका शब्दाच्या आत दोन ठोक्यांमध्ये शंभर मायक्रोसेकंदांहून जास्त अंतर नसतं. तेव्हा २०० मायक्रोसेकंद ठोका आला नाही की काउंटर शून्यावर आणायचा. मग घसरण झालीच तरी ती एका बटणापुरती राहते. तो एक बिघडलेला आकडाही बहुतेकदा पकडता येतो: स्टार्ट ० आहे का, स्टॉप १ आहे का, पॅरिटी जुळते का, एवढं पाहायचं. मात्र माहितीतले दोन बिट एकदम उलटले तर पॅरिटी जुळते आणि चूक निसटते.

काउंटरशिवायही हे जमतं. १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये कीबोर्डचे बिट ७४एलएस३२२ या शिफ्ट रजिस्टरमध्ये जात. त्या कीबोर्डचा स्टार्ट बिट १ होता. रजिस्टर आधी शून्यांनी भरलेलं असे, आणि तो पहिला १ सरकत सरकत दुसऱ्या टोकातून बाहेर पडला की आठही बिट आत आलेले असत. त्या १नेच प्रोसेसरला हाक दिली जाई. वरच्या तक्त्यातही हे दिसतं: उजव्या टोकाला पहिला ० पोचतो तो नेमका अकराव्या ठोक्याला. सुटा काउंटर वाचतो, पण दर आकड्यानंतर रजिस्टर नव्याने भरून ठेवावं लागतं, आणि पाठवणाऱ्याने खुणेचा बिट पाठवायलाच हवा. अनेक सेन्सर स्टार्ट बिट न पाठवता थेट माहिती पाठवतात. तिथे पहिला बिट ० असेल की १ हे आधी ठरलेलं नसतं, त्यामुळे शब्द कुठे संपला हे कळायला ठोके मोजावेच लागतात.