नफा कोणाला दिसावा, बिल कोणी रद्द करावं?

दूध-मिठाईचं एक मध्यम दुकान डोळ्यासमोर आणा. काउंटरवरचा मुलगा बिलं करतो, गोदामवाला दूध-खव्याची आवक लिहितो, मॅनेजर रात्री गल्ला जुळवतो आणि महिन्याकाठी जीएसटीच्या कामासाठी अकाउंटंट येतो. चौघेही एकाच कॉम्प्युटरवर, मालकाच्याच पासवर्डने काम करत असतील, तर खवा कितीला पडला आणि पेढ्यावर किती सुटतात हे काउंटरवरच्या मुलालाही दिसतं. उलट दुपारी एखादं बिल रद्द झालं, तर ते कोणी केलं हे मालकाला कळायला मार्ग नसतो. अशा दुकानासाठी डॅशबोर्ड बनवायचा म्हणजे रंगीत आलेखांच्या आधी कोणाला काय करता यावं हे ठरवायचं.

त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, एक कागद पुरतो. त्यावर माणसांची नावं लिहायची नाहीत, कामं लिहायची: बिल करणं, बिल रद्द करणं, सूट देणं, आवक नोंदवणं, भाव बदलणं, नफा पाहणं, नवा कर्मचारी जोडणं. मग प्रत्येक कामापुढे हुद्दा लिहायचा. बिल काउंटरने करायचं, आवक गोदामाने नोंदवायची, भाव आणि नफा मालकाने पाहायचा. अकाउंटंटला विक्री आणि कराचे अहवाल वाचता यावेत, पण त्यातला एकही आकडा बदलता येऊ नये. अधिकार माणसाला न देता हुद्द्याला द्यायचे, ही पद्धत अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेतल्या डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी 1992 मध्ये रीतसर मांडली. तिचा फायदा माणसं बदलली की कळतो. काउंटरवर नवा मुलगा आला की त्याच्या लॉगिनला ‘काउंटर’ हा हुद्दा जोडला, की झालं.

या यादीत सर्वांत जपण्यासारखं काम म्हणजे बिल रद्द करणं. गिऱ्हाइकाने रोख पैसे दिले, पेढे घेतले, बिलाचा कागद न घेताच ते निघून गेलं. दहा मिनिटांनी ते बिल रद्द केलं की पैसे खिशात घालायला मोकळीक. गल्ला रात्री बरोबर जुळतो, कारण विक्रीच नोंदलेली नसते. माल तेवढा कमी भरतो. म्हणून जो बिल करतो त्याने ते रद्द करायचं नाही. काउंटरने विनंती टाकायची, मॅनेजरने मंजूर करायची. आणि रद्द झालेलं बिल पुसायचं नाही. त्यावर शिक्का, वेळ, कारण आणि मंजूर करणाऱ्याचं नाव राहिलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. चौघांत एकच पासवर्ड असेल तर त्या नावाला काही अर्थ उरत नाही. नोकरी सोडणाऱ्याचं खातंही काढून टाकू नये, बंद करावं, म्हणजे त्याने केलेली जुनी बिलं बेवारस होत नाहीत.

इथवर सगळं सरळ आहे. घोळ होतो तो पुढे. पुष्कळदा प्रोग्रॅमर काउंटरच्या पडद्यावरून ‘नफा’ हे बटण काढून टाकतो आणि काम झालं म्हणतो. पण बटण काढणं म्हणजे दाराला कुलूप न लावता नुसता पडदा सोडणं. अहवालाचा पत्ता ब्राउझरमध्ये टाइप केला की पान उघडतं. याहून छुपा प्रकार असा: काउंटरच्या पानावर फक्त विक्रीचा भाव दिसतो, पण सर्व्हरने प्रत्येक वस्तूबरोबर खरेदीचा भावही पाठवलेला असतो. F12 दाबून Network हा भाग उघडला की तो जसाच्या तसा वाचता येतो. म्हणून परवानगी दर वेळी सर्व्हरवर तपासायची, आणि ज्याला जो आकडा बघायचा नाही त्याला तो पाठवायचाच नाही. प्रोग्रॅममध्ये ते साधारण असं दिसतं:

```js
app.get('/reports/profit',
  login, can('profit.view'), profitReport);
app.post('/bills/:id/cancel',
  login, can('bill.cancel'), cancelBill);
```

पहिली ओळख, मग परवानगी, आणि दोन्ही पटल्या तरच काम. परवानगी नसेल तर सर्व्हरने 403 हे उत्तर द्यायचं. वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी या संस्थेने 2021 च्या धोक्यांच्या यादीत अशा ढिल्या परवानग्यांनाच पहिला क्रमांक दिला होता.

आता आलेख. मालकाला सकाळी तीन गोष्टी कळल्या तरी पुष्कळ: कालची विक्री, कोणता माल संपत आलाय, आणि रद्द बिलं कोणत्या काउंटरवर, कोणत्या वेळी जास्त होतात. रोजच्या विक्रीला उभे स्तंभ बरे, पण त्यांची पट्टी शून्यापासून सुरू झाली पाहिजे. सोमवारी 41 हजार आणि मंगळवारी 43 हजार विक्री झाली, आणि पट्टी 40 हजारांपासून काढली, तर मंगळवारचा स्तंभ सोमवारच्या तिप्पट दिसतो. खरी वाढ पाच टक्क्यांच्या आतली असते. वीस मिठायांची तुलना गोल आलेखात करू नये. पातळ फोडींमधला फरक डोळ्याला कळत नाही. आडव्या पट्ट्या उतरत्या क्रमाने लावल्या की काय खपतं ते लगेच दिसतं.

तुलना कशाशी करायची हेही दुकान पाहून ठरवावं. रविवारची विक्री शनिवारशी ताडून उपयोग नाही, मागच्या रविवारशी ताडावी. सणांचं आणखी वेगळं. कोजागरी 2024 मध्ये 16 ऑक्टोबरला होती, 2025 मध्ये 6 ऑक्टोबरला. तारखेला तारीख लावली तर एका वर्षी दुधाचा खप कोसळल्यासारखा दिसेल आणि मालक उगाच धास्तावेल. म्हणून सणांच्या तारखांचा एक छोटा तक्ता डॅशबोर्डला द्यावा लागतो.

दूधवाल्यांच्या बाबतीत आणखी एक चूक होते, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सर्व्हर बहुधा जागतिक वेळेने चालतो आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणजे त्याचा नवा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. सकाळी नऊला उघडणाऱ्या कापड दुकानाला याने फरक पडत नाही. पण दुकान पहाटे पाचला उघडत असेल, तर पहिल्या अर्ध्या तासाचं दूध रोज आदल्या दिवसाच्या विक्रीत जाऊन बसतं. गल्ला आणि आलेख रोज थोडे चुकतात, आणि संशय मात्र काउंटरवरच्या मुलावर येतो. वेळ टाइमझोनसकट साठवलेली असेल, तर पोस्टग्रेसमध्ये उपाय एका ओळीचा आहे:

```sql
SELECT (created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
         AS day,
       SUM(total)
FROM bills
WHERE status <> 'cancelled'
GROUP BY day;
```

तुम्ही असा डॅशबोर्ड करून घेत असाल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी तीन गोष्टी स्वतः करून पाहा. काउंटरच्या लॉगिनने शिरून नफ्याच्या पानाचा पत्ता टाइप करा. पहाटे सव्वापाचला एक बिल करा आणि ते कोणत्या तारखेत पडतं ते बघा. मग एक खातं दुसऱ्या मोबाइलवर उघडं ठेवून इकडे बंद करा. तिकडे पुढच्याच क्लिकला बाहेर काढलं जायला हवं. यातलं एकही जमत नसेल, तर काम अजून संपलेलं नाही, आणि तसं प्रोग्रॅमरला स्पष्ट सांगा.