पंचवीस मे ते एकोणीस जुलै

‘आदरणीय सर/मॅडम, मी एक मेहनती विद्यार्थी असून आपल्या संस्थेत इंटर्नशिप करू इच्छितो.’ अशी ईमेल पन्नास प्रयोगशाळांना एकाच वेळी पाठवता येते, आणि ती तशीच पाठवलेली आहे हे वाचणाऱ्याला ‘सर/मॅडम’पाशीच कळतं.

समजा, कोल्हापूरची बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पुण्यातल्या एका मृदा-जिवाणू प्रयोगशाळेला लिहिते आहे. प्राध्यापकांचं नाव घालून ती सांगते: ‘फॉस्फेट विरघळवणाऱ्या जिवाणूंवरचा तुमचा शोधनिबंध वाचला. कॉलेजच्या प्रकल्पात मी उसाच्या शेतातल्या मातीचे बारा नमुने पिकोव्हस्काया माध्यमावर वाढवले. तीन नमुन्यांत वसाहतींभोवती स्वच्छ वलय दिसलं. पण फॉस्फेट नेमकं किती विरघळलं, हे मला मोजता आलं नाही. ते तुमच्याकडे शिकायचं आहे.’

एवढंच. तिला काय येतं, कुठे अडलं आणि याच प्रयोगशाळेत का यायचं, हे पाच वाक्यांत आलं. ‘मोजता आलं नाही’ ही कबुली अनेकांना कमीपणाची वाटते. खरं तर सगळ्या पत्रात तेच वाक्य सर्वांत मोलाचं आहे. काम केलेल्यालाच आपण कुठे अडलो ते सांगता येतं.

मग येतो सगळ्यात जास्त दुर्लक्षिलेला भाग: तारखा. ‘उन्हाळ्याच्या सुटीत येऊ शकते’ यातून काहीच ठरत नाही. सुटी कॉलेजागणिक वेगळी असते, तोंडी परीक्षा लांबतात. प्राध्यापकांना मात्र बाकावर जागा आहे का आणि शिकवायला संशोधक विद्यार्थी हजर असेल का, हे पाहायचं असतं. म्हणून ती लिहिते: ‘25 मे ते 19 जुलै, सलग आठ आठवडे, सोमवार ते शुक्रवार पूर्ण वेळ. परीक्षा 18 मे रोजी संपते. वेळापत्रक बदललं तर लगेच कळवीन. राहण्याची सोय पुण्यात मावशीकडे आहे. कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र मिळेल.’ हे नसेल, तर प्राध्यापकांना उलट चार प्रश्न विचारावे लागतात. व्यग्र माणूस ते विचारत बसत नाही, ईमेल तशीच राहून जाते.

विषयाच्या ओळीतही तारखा हव्यातच: ‘इंटर्नशिप, 25 मे–19 जुलै, फॉस्फेट-विद्रावक जिवाणू’. महिन्याभराने शोधताना ती ओळ सापडते.

रेझ्युमे एका पानाचा, पीडीएफमध्ये. वर्डची फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडताना तिची मांडणी विस्कटू शकते. ड्राइव्हची लिंक दिली आणि परवानगी द्यायची राहिली, तर समोर फक्त बंद दार. फाइलचं नाव `resume_final2.pdf` असेल, तर डाउनलोड झाल्यावर ती कुणाची हे कळत नाही. नावात आडनाव आणि विषय हवा. आणि क्रम उलटा ठेवावा: आधी फाइल जोडायची, ती उघडून पाहायची, मग मजकूर, आणि प्राध्यापकांचा पत्ता सगळ्यात शेवटी. पत्ताच नसला, तर अर्धवट ईमेल चुकूनही निघून जात नाही.