खूर शाकाहारी, मुळा मांसाहारी

समजा, तुम्ही हाँगकाँगच्या एका डिमसमच्या हॉटेलात बसला आहात. टेबलावर चहाची किटली, बाजूला एक छापील कागद आणि पेन्सिल. हव्या त्या पदार्थापुढे खूण करायची आणि कागद वेटरला द्यायचा. कागद अर्थात चिनी लिपीत आहे. तुम्ही शब्दकोश घेऊन एकेक अक्षर लावत बसता आणि हाती हे येतं: ‘फिनिक्सचे पंजे’, ‘मुळ्याचा केक’, ‘घोड्याच्या खुराचा केक’, ‘उपासाचं आतडं’.

आता समजा, तुम्ही शाकाहारी आहात. खूण कशापुढे कराल?

बहुतेक जण मुळ्याच्या केकपुढे करतील आणि तिथेच फसतील. या चारांत मुळ्याच्या केकमध्ये डुकराचं मांस आणि वाळवलेली कोळंबी असते. घोड्याच्या खुराच्या केकमध्ये यातलं काही नसतं, आणि उपासाच्या आतड्यात आतडं नसतं. (पंजे मात्र खरेच पंजे असतात. फिनिक्सचे नाहीत, एवढंच.)

माझं संशोधन पदार्थांच्या नावांच्या भाषांतरावर आहे. अशा नावांच्या याद्या ‘चिनी मेन्यूतल्या गमती’ म्हणून नेहमी फिरतात. लोक हसतात आणि पुढे जातात. मला त्यातला न हसण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: नाव वाचून ताटात काय येणार हे कळतं का, आणि कळत नसेल तर नेमकं कुठे अडतं?

मुळ्यापासूनच सुरू करू. कँटनीज भाषेत याचं नाव ‘लो-बाक-गोउ’. ‘लो-बाक’ म्हणजे मुळा, आपला पांढरा मुळाच, फक्त जाडजूड. इंग्रजी मेन्यूवर याला ‘टर्निप केक’ म्हणतात. टर्निप म्हणजे सलगम, म्हणजे पहिली चूक तिथेच झाली. सिंगापूरला गेलात तर याच्याच भावंडाला ‘कॅरट केक’ म्हणतात, आणि त्यात गाजराचा तुकडाही नसतो. कारण सरळ आहे. चिनी बोलींमध्ये गाजराला ‘लाल मुळा’ म्हणतात. मुळा आणि गाजर यांचा मूळ शब्द एकच, फक्त आधी रंग लावायचा. भाषांतर करताना रंग आहे की नाही हे कुणी पाहिलं नाही आणि मुळ्याचं गाजर झालं. ते नाव तिथे आता इतकं रुळलंय की चूक म्हणून कुणी दुरुस्तही करत नाही.

पण माझ्या मते खरा घोटाळा मुळ्यात नाही, ‘केक’मध्ये आहे. ‘गोउ’ म्हणजे पीठ कालवून, थाळीत ओतून, वाफवून घट्ट केलेला पदार्थ. मुळा किसायचा, त्याच्याच पाण्यात शिजवायचा, त्यात तांदळाचं पीठ कालवायचं, थाळीत घालून तासभर वाफवायचं. थंड झालं की चौकोनी तुकडे कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस परतायचे. हे वाचून तुम्हाला केक आठवतो का? मला तर कोथिंबीर वडी आठवते. वाफवा, कापा, परता: रीत तीच. लो-बाक-गोउचं मराठी भाषांतर ‘मुळ्याची वडी’ असंच व्हायला हवं.

आणि इथे आपलं चांगलं भाषांतरच आपल्याला खड्ड्यात घालतं. ‘मुळ्याची वडी’ म्हटलं की मराठी माणूस निर्धास्त होतो. पण पिठात मुळ्याबरोबर डुकराच्या मांसाच्या वाळवलेल्या सॉसेजचे बारीक तुकडे आणि सुकट कालवलेली असते. चव त्यावरच उभी असते, तरी नावात दोन्ही नाहीत. का नाहीत? कारण ते घालतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपणही ‘वरण’ म्हणताना त्यात हिंग आहे हे सांगत नाही. नाव हे माहितगारांसाठी असतं. त्यांना जे सांगावं लागत नाही ते नावात येत नाही. वडी समोर आलीच तर कापलेली बाजू नीट बघा. लालसर-गुलाबी ठिपके दिसले तर ते सॉसेज, नारिंगी कण दिसले तर ती सुकट. पण वडी पांढरी दिसली तरी विचारल्याशिवाय खाऊ नका.

आता खूर. ‘मा-ताई-गोउ’ यातलं ‘मा’ म्हणजे घोडा आणि ‘ताई’ म्हणजे खूर. प्रत्यक्षात ‘मा-ताई’ हा पाणथळ शेतात वाढणारा एक छोटा, काळपट सालीचा कंद आहे. इंग्रजीत त्याला ‘वॉटर चेस्टनट’ म्हणतात आणि आपल्याकडचे शब्दकोश त्यावरून ‘शिंगाडा’ असं देतात. तेही चूक. इंग्रजीत दोन्हींना एकच नाव असलं तरी शिंगाडा हे पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचं फळ आहे, आणि मा-ताई हा लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पतीचा कंद आहे.

कंद खुरासारखा दिसतो म्हणून हे नाव, असं सगळीकडे सांगितलं जातं. पण भाषाशास्त्रात दुसरंही एक मत आहे, आणि मला ते जास्त रंजक वाटतं. दक्षिण चीनमध्ये चिनी भाषा पसरण्याआधी तिथे थाई भाषेच्या नात्यातल्या भाषा बोलल्या जात. त्या भाषांमध्ये फळांच्या नावाआधी ‘मा’सारखा शब्द लागतो. थाई भाषेत आजही आंब्याला ‘मा-मुआंग’ म्हणतात. त्या मतानुसार ‘मा-ताई’ हा ‘जमिनीतलं फळ’ अशा अर्थाचा जुना स्थानिक शब्द असावा. पुढे तो चिनी अक्षरांत लिहिताना तसाच उच्चार असलेली ‘घोडा’ आणि ‘खूर’ ही अक्षरं वापरली गेली. तसं असेल तर आपण ज्याचं ‘शब्दशः भाषांतर’ करतोय ते मुळात भाषांतर करण्यासारखं नव्हतंच. तो फक्त आवाज लिहून ठेवलेला होता.

पदार्थ मात्र साधा आणि छान आहे. या कंदाचं पीठ पाण्यात कालवतात. त्यातलं थोडं उकळत्या साखरेच्या पाकात घालून घट्टसर करतात, मग उरलेलं त्यात मिसळतात. हे अर्धवट शिजवणं महत्त्वाचं, नाहीतर कंदाचे तुकडे थाळीच्या तळाशी बसतात. मग वाफवायचं. मधाच्या रंगाची, अर्धपारदर्शक वडी तयार होते आणि चावताना मधेच कंदाचा कुरकुरीत तुकडा लागतो. ती स्टार्चनेच घट्ट होते, जिलेटिनची गरज नसते. फक्त एक काळजी: तीही कधीकधी तव्यावर परतून देतात. तवा मुळ्याच्या वडीचाच आहे का आणि चरबी कसली वापरली आहे, हे विचारून घ्या.

इतकं पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात येईल. ‘गोउ’, म्हणजे नावाचा शेवटचा भाग, दोन्ही वेळा खरं बोलला. डिमसमची बरीच नावं आपल्या ‘कोथिंबीर वडी’सारखीच बांधलेली असतात: शेवटी प्रकार, आधी विशेषण. ‘बाऊ’ म्हणजे पाव, ‘गाऊ’ म्हणजे सारण भरून मुडपलेला पदार्थ. गोंधळ होतो तो आधीच्या भागात, कारण तिथे घटक येऊ शकतो, दिसणं येऊ शकतं किंवा नुसता आवाजही. आपल्याकडेही हेच आहे. बटाटेवड्यात बटाटा असतो, पण मोतीचूर लाडवात मोती नसतात आणि चंपाकळीत चाफा नसतो. हाँगकाँगच्या प्रसिद्ध ‘अननस पावा’त अननस नसतो. वरच्या गोड थराला भेगा पडून तो अननसाच्या सालीसारखा दिसतो, इतकंच. पण त्या थरात अंडं असतं आणि जुन्या रीतीत डुकराची चरबीही.

पंजांची गोष्ट निराळी आहे. ‘फुंग-जाऊ’ म्हणजे कोंबडीचे पाय: नखं काढून, तळून, थंड पाण्यात भिजवून कातडी फुगवलेले आणि मग आंबवलेल्या काळ्या सोयाबीनसोबत वाफवलेले. कातडी सुरकुतलेली आणि फुगीर नसेल तर तळणीत कसूर झाली असं समजा. ‘फुंग’ हा चिनी पुराणातला मंगल पक्षी. लग्नात, राणीच्या मुकुटावर तो असतो. मेन्यूवर कोंबडीला ‘फुंग’ आणि कोळंबीला ‘ड्रॅगन’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. राखेतून उठणारा ग्रीकांचा फिनिक्स वेगळा. ‘फिनिक्स’ हे भाषांतरही तसं उधारीचंच.

उरलं आतडं. तांदळाचं पातळ पीठ ताटात पसरून वाफवतात आणि सुरळीच्या वडीसारखं गुंडाळतात. ती पांढरी, चकचकीत गुंडाळी आतड्यासारखी दिसते म्हणून ‘चेउंग’, म्हणजे आतडं. रस्त्यावर मिळणाऱ्या साध्या प्रकाराच्या नावात तर डुक्करही आहे, ‘डुकराच्या आतड्याची’ अशी. प्रत्यक्षात डुक्करही नाही आणि आतडंही नाही. हॉटेलात याच्या आत कोळंबी किंवा मांस भरतात. काहीच भरलं नाही तर नाव होतं ‘जाई-चेउंग’.

आता ‘जाई’ हा शब्द शाकाहारी वाचकांनी नीट समजून घ्या. मूळ अर्थ बौद्ध धर्मातलं व्रताचं, शाकाहारी जेवण. मठांतल्या ‘जाई’ जेवणात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपल्याला चांगलंच ओळखीचं. पण हाँगकाँगच्या बोलण्यात ‘जाई’चा अर्थ ‘नुसतं’ असाही झालाय. बिनदुधाच्या कॉफीला तिथे ‘जाई’ कॉफी म्हणतात. त्यामुळे ‘जाई-चेउंग’ म्हणजे ‘काही न भरलेलं’, शाकाहाराची हमी नव्हे. शिवाय ‘मांस नको’ असं सांगूनही भागत नाही. नुसत्या ‘मांस’ या शब्दाचा अर्थ चीनमध्ये बहुधा डुकराचं मांस असा घेतला जातो, आणि कोळंबी किंवा चरबी त्यात मोडत नाही.

२००८च्या ऑलिंपिकच्या वेळी बीजिंगने दोन हजारांहून जास्त पदार्थांची इंग्रजी नावं ठरवून दिली होती. मुख्य घटक, शिजवण्याची रीत, सोबतचा रस्सा असं सांगण्यावर भर होता. त्याने फिनिक्सचे पंजे सुटतात, ‘वाफवलेले कोंबडीचे पाय’ म्हटलं की झालं. पण याच रीतीने ‘तव्यावर परतलेली मुळ्याची वडी’ लिहिलं तर सॉसेज पुन्हा गायब, कारण मुख्य घटक मुळाच आहे. नाव कितीही अचूक केलं तरी ती घटकांची यादी होत नाही. म्हणून खूण करण्याआधी वेटरला तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: डुकराचं मांस आहे का, कोळंबी आहे का, चरबी कसली आहे. तिन्हींची उत्तरं पटली तर उपासाचं आतडं मागवा, तिळाच्या सॉसबरोबर, गरम असतानाच. निवलं की ते चिवट होतं.