पहाटेचं छातीतलं दुखणं आणि वहीतल्या पाच नोंदी

आज आम्ही आमच्या आपट्याच्या बचत गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगणार आहोत. नाव सांगत नाही, पण गोष्ट सांगायला त्यांनीच परवानगी दिली आहे. आपल्यापैकी कुणाला असंच होत असेल तर वेळेत कळावं, एवढीच त्यांची इच्छा आहे.

ताईंचं वय सेहेचाळीस. दिवसभर कामाला वाघीण. लावणीच्या दिवसांत वाकून वाकून भात लावतील, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतील, पण कधी दम लागला नाही. त्रास व्हायचा तो पहाटे, गाढ झोपेत असताना. छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळल्यासारखं व्हायचं. मग ते जबड्यापर्यंत आणि डाव्या हातात उतरायचं, अंगाला दरदरून घाम यायचा. पाच-दहा मिनिटांनी सगळं आपोआप थांबायचं. सकाळी उठून त्या चुलीपुढे बसायच्या, जसं काही झालंच नाही.

घरचे म्हणाले, गॅस असेल. ओवा झाला, सोडा झाला, गॅसच्या गोळ्या झाल्या. एका दवाखान्यात दिवसा ईसीजी काढला, तो चांगला आला. शेवटी एका मोठ्या रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ दिसल्या, कुठेच अडथळा नाही. "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून घरी पाठवलं. पहाटेचं दुखणं मात्र थांबलं नाही. त्यात घरातलं कुणीतरी म्हणालं, "सगळे रिपोर्ट चांगले आहेत, मग ही नाटकं कशाला?" ताई गटाच्या बैठकीत रडल्या, ते या शब्दासाठी.

आता मुद्दा समजून घेऊ. रात्री कधी कधी पोटरीत गोळा येतो, आपण वांब आला म्हणतो. त्या वेळी पोटरी दगडासारखी होते, जीव नकोसा होतो. सकाळी डॉक्टरांना पाय दाखवला तर त्यांना काय दिसणार? पाय ठीकच असतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांचंही असंच होऊ शकतं. या नळ्या लोखंडी पाइपासारख्या ताठ नसतात, त्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. तो स्नायू एकाएकी आवळला की नळी चिमटली जाते, हृदयाला रक्त कमी पडतं आणि छातीत दुखतं. स्नायू सैल झाला की रक्त पुन्हा वाहू लागतं.

नेहमीच्या हृदयविकारात नळीच्या भिंतीवर चरबीचा थर साचतो. म्हणून चढ चढताना, ओझं उचलताना दुखतं आणि बसलं की बरं वाटतं. इथे उलटं असतं. कष्टात बहुधा दुखत नाही, निवांत असताना दुखतं, तेही बहुतेक मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. अमेरिकेतले डॉक्टर प्रिन्झमेटल यांनी 1959 साली या दुखण्याचं वर्णन लिहिलं, म्हणून काही डॉक्टर त्याला प्रिन्झमेटल अँजायना म्हणतात.

मग अँजिओग्राफी खोटी होती का? नाही. अँजिओग्राफी म्हणजे त्या वेळी नळ्या कशा दिसतात त्याचं चित्र. दुपारी काढलेल्या चित्रात पहाटेचा वांब कसा दिसेल? चरबीचा अडथळा नाही, एवढं त्यातून नक्की कळलं आणि ती चांगलीच गोष्ट होती. पण दुखणं नाही, असं त्यातून ठरत नाही.

आम्ही ताईंना एक साधी वही दिली. दुखलं की तारीख, वेळ, किती मिनिटं दुखलं आणि त्या वेळी काय करत होतात, एवढंच लिहायचं. त्यांच्या मुलीने नोंदी केल्या. दोन आठवड्यांत पाच नोंदी झाल्या. पाचही पहाटे तीन ते पाचच्या मधल्या, पाचही झोपेतल्या, दिवसाची एकही नाही. ही वही घेऊन आम्ही त्यांच्यासोबत दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी वही वाचली आणि छातीला होल्टर लावून दिलं. हे लहानसं यंत्र दिवसरात्र हृदयाची नोंद घेतं. त्याच पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी ताईंना दुखलं. त्या वेळची ईसीजीची रेघ वर उचललेली होती आणि सात मिनिटांनी जागेवर आली. दुखणं कागदावर सापडलं.

होल्टरमध्ये पहिल्याच रात्री सापडेल असं नाही, कारण त्या रात्री दुखलंच नाही तर नोंद होत नाही. काही वेळा डॉक्टर अँजिओग्राफीच्या वेळीच औषध देऊन नळी आवळते का ते तपासतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही. आणि वही म्हणजे निदान नव्हे. पित्ताने, अन्ननलिकेच्या त्रासानेही रात्री छातीत दुखतं. वहीमुळे डॉक्टरांना कुठे शोधायचं ते कळतं.

ताईंना नळी सैल ठेवणारी डिल्टियाझेमची गोळी सुरू झाली. दुखलंच तर जिभेखाली ठेवायची गोळीही दिली. ती बसूनच घ्यायची, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. डोकंही थोडं ठणकतं. बरं वाटलं म्हणून रोजची गोळी मनाने बंद करायची नाही, एकदम थांबवली तर दुखणं जोरात उलटू शकतं. रक्तदाबाच्या किंवा अर्धशिशीच्या काही गोळ्यांनी हा त्रास वाढतो. म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांपुढे ठेवायची.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, "तंबाखू?" ताई गप्प झाल्या. रोज सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची सवय होती. विडी-सिगारेटचा धूर तर या दुखण्याचा मोठा सोबती. मिश्रीतही तंबाखूच असतो आणि त्यातलं निकोटीन नळ्या आवळतं. मिश्री सोडणं ताईंना गोळीपेक्षा अवघड गेलं. पहिले पंधरा दिवस त्यांची चिडचिड झाली. आता डबी घरात नाही, आणि गेल्या दोन महिन्यांत वहीत एकच नोंद आहे.

मैत्रिणींनो, नळी स्वच्छ आहे म्हणून हा त्रास किरकोळ समजू नका. आवळलेली नळी सुटली नाही तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, ठोके बिघडू शकतात. दुखताना चक्कर येऊन पडलात तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. छातीत असं पहिल्यांदाच दुखत असेल तर वही शोधत बसू नका, लगेच 108 ला फोन करा. निदान झालेलं असेल तर जिभेखालची गोळी घेऊन बसा, आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर 108 लावा. पहाट व्हायची वाट बघू नका. दवाखान्यात पोहोचताच सांगा, "आत्ता दुखतंय, आत्ताच ईसीजी काढा." दुखणं थांबल्यावर काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो.

आणि शेजारची बाई पहाटे छाती धरून उठते, पण रिपोर्ट चांगले आहेत, असं कानावर आलं, तर तिला नाटकी म्हणू नका. तिला विचारा, किती वाजता दुखतं?